पाच इंजेक्शनांची मुदत

माझ्या धाकट्या बहिणीला उभ्या आयुष्यात चारच बाटल्या रक्त चढलं होतं. दोन टायफॉइडच्या वेळी, ती अकरा वर्षांची असताना. दोन पित्ताशय काढलं तेव्हा, एकोणतिसाव्या वर्षी. त्यामुळे परळच्या हॉस्पिटलात तिच्या यकृताच्या एमआरआयचा रिपोर्ट समोर धरून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लोह फार साठलंय," तेव्हा आई, बहीण आणि मी, तिघांनाही वाटलं की रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

"पण मॅडम, हिला रक्त लागतच नाही," आई म्हणाली. हे वाक्य ती गेली पंचवीस वर्षं थोड्या अभिमानानं उच्चारत आली होती. आमच्या काळाचौकीच्या जुन्या चाळीत थॅलेसेमियाचा एक मुलगा होता. त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला न्यायचे. त्याच्यापुढे आमच्या मुलीचं बरंच म्हणायचं, असा हिशेब घरात कधीच पक्का झाला होता.

बहिणीलाही थॅलेसेमियाच आहे, पण मधल्या प्रकारचा. रक्तावाचून अडत नाही आणि पुरेसं रक्त बनतही नाही. हिमोग्लोबिन सात ते साडेसात. नवव्या वर्षी निदान झालं, डॉक्टर म्हणाले सौम्य आहे, रक्त चढवायची गरज नाही. पुढे ते डॉक्टर गावी गेले, कागद घर बदलताना हरवले आणि आमच्या बोलण्यात 'हिला ॲनिमिया आहे' एवढंच उरलं.

मॅडमनी टेबलावरचा कागद उलटा केला आणि पेनानं एक चौकोन काढला. "हा हाडातला मगज. इथं लाल पेशी बनतात. हिच्या मगजात त्या भरपूर बनायला लागतात, सामान्य माणसापेक्षा कितीतरी जास्त. पण त्यातल्या बहुतेक पुऱ्या तयार व्हायच्या आधीच मरतात. कारखाना तिन्ही पाळ्या चालतोय आणि माल बाहेर येत नाही, असं समजा."

माझे वडील गिरणीत होते. आईनं मान हलवली, तिला हे लगेच कळलं.

"आता शरीराला वाटतं, रक्त कमी आहे, म्हणजे लोह कमी असणार. यकृतातून एक संप्रेरक सुटतं, ते आतड्याला सांगतं की लोह पुरे, आता आत घेऊ नको. हिच्यात ते संप्रेरकच खाली गेलंय. त्यामुळे आतडं जेवणातलं लोह ओढतच राहतं. रोज थोडं थोडं, सदतीस वर्षं. ते बाहेर टाकायची सोय शरीरात नसते."

"फेरिटिन तर सहाशेचाळीस होतं," मी म्हणालो. पत्रकाराच्या सवयीनं मी रक्तावरून लोहाचा साठा सांगणाऱ्या या तपासणीचे जुने आकडे लिहून आणले होते.

"तिथंच फसायला होतं. ज्यांना सारखं रक्त चढतं त्यांच्यात फेरिटिन हजारांत जातं. हिच्या प्रकारात फेरिटिन मध्यम दिसतं आणि यकृत भरलेलं असतं. म्हणून एमआरआय." एका ग्रॅम कोरड्या यकृतामागे बारा मिलिग्रॅम, असा तो आकडा होता. पाचच्या वर औषध सुरू करतात. हृदय मात्र स्वच्छ होतं. या प्रकारात ते बहुधा वाचतं, यकृत सगळं आपल्या अंगावर घेतं.

मग मॅडमनी सहज विचारलं, "लोहाच्या गोळ्या वगैरे कधी घेतल्या होत्या का?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं.

आई महापालिकेची आरोग्य सेविका होती. घोडपदेवच्या चाळींमधून तिनं तीस वर्षं गरोदर बायकांना, वयात आलेल्या मुलींना लोहाच्या लाल गोळ्या वाटल्या. पापणी खाली ओढून डोळ्याचा रंग बघायची आणि पिशवीतून पाकीट काढायची. स्वतःची मुलगी पिवळटफिकी दिसत असताना तिनं घरी हात आखडता घेतला असता तरच नवल. वर्षातून दोन-तीन महिने गोळ्यांचा कोर्स, थंडीत हळिवाचे लाडू आणि भाजी कायम लोखंडी कढईत.

"मी दिल्या," आई म्हणाली. "मीच दिल्या सगळ्या."

"नसत्या दिल्या तरी साठलं असतंच," मॅडम म्हणाल्या. "जरा कमी, एवढंच. आता बंद. आणि जेवणाबरोबर चहा घेत जा, त्यानं लोह कमी शोषलं जातं."

"जेवताना चहा?" आईनं विचारलं. तीस वर्षं तिनं बायकांना सांगितलं होतं की जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नका.

"हो. तुम्ही सांगत होतात ते बरोबरच होतं. हिच्यासाठी उलटं."

त्या संध्याकाळी आईनं लोखंडी कढई शेजारणीला देऊन टाकली.

*

वर्षभर बहिणीनं छोट्या पिवळ्या फोलिकच्या गोळीच्या जोडीला लोह काढणारी गोळी घेतली. रोज एक, दर महिन्याला किडनीची तपासणी. पहिले काही आठवडे पोट बिघडलं, मग सवय झाली. वर्षानं पुन्हा एमआरआय केला, आकडा आठवर आला होता. गोळी पुढं चालूच राहणार होती. ही बातमी चांगली होती, पण बहिणीनं ती शांतपणे ऐकली आणि मॅडमना विचारलं, "आणि हिमोग्लोबिन?"

"या गोळीनं ते वाढत नाही."

"मला ते वाढवायचंय. मला पळायचंय."

मॅडमनी चष्मा काढला. "कुठं?"

बहीण माटुंग्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, पण तिचा खरा मुक्काम लालबागच्या एका कबड्डी मंडळात. खेळता कधी आलं नाही. मंडळाच्या मास्तरांनी तिला चौदा वर्षांपूर्वी गुणलेखकाच्या टेबलाशी बसवलं आणि ती तिथंच रुजली. नियम तिला असे पाठ की सामना चालू असताना पंचच तिच्याकडे वळून बघतात. दोन वर्षांपूर्वी ती संघटनेची पंच परीक्षा द्यायला बसली. लेखीत पहिली आली. प्रात्यक्षिकात पूर्ण सामना पंच म्हणून चालवायचा असतो, चढाईबरोबर बाजूच्या रेषेवर सारखं पुढं-मागं पळत. सहाव्या मिनिटाला तिनं वेळ थांबवायची खूण केली आणि मॅटच्या कडेला बसली. ओठ पांढरे पडले होते. प्रात्यक्षिकाला दोनच संधी. दुसऱ्यांदा नापास झालं की लेखी परीक्षाही रद्द.

दुसरी संधी पाच महिन्यांवर आली होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की अलीकडे एक इंजेक्शन आलंय. दर तीन आठवड्यांनी, कातडीखाली. मगजात पेशी बनतात आणि शेवटच्या टप्प्यावर मरतात, तिथं हे काम करतं. पेशींची वाढ रोखून धरणारे काही संदेश शरीरात फिरत असतात, त्यांना हे औषध वाटेतच पकडतं, आणि मग जास्त पेशी पुऱ्या तयार होऊन रक्तात येतात. एक गोळीही निघाली आहे, ती लाल पेशीला ऊर्जा बनवायला मदत करते, पण तिच्यासाठी यकृतावर बारीक लक्ष ठेवावं लागतं आणि हिच्या यकृताला आधीच पुरेसं काम आहे.

"इंजेक्शन सगळ्यांना लागू पडत नाही," त्या म्हणाल्या. "हिमोग्लोबिन एकानं वाढलं तरी आम्ही यश म्हणतो. हिला किती वाढेल, वाढेल की नाही, आज सांगता येत नाही. रक्त न लागणाऱ्या पेशंटना ते देण्याचा आपल्याकडचा अनुभवही थोडा आहे."

"कधी कळेल?"

"दोन डोस सुरुवातीच्या मात्रेनं. सहा आठवड्यांत एकानं वाढलं नाही तर मात्रा वाढवायची. त्या मात्रेचे तीन डोस होऊनही काहीच वाढ नसेल तर थांबवायचं. उगाच देत राहायचं नाही."

मी वहीत लिहिलं: पाच इंजेक्शनं, पंधरा आठवडे. तपासण्या उरकून महिन्याभरात इंजेक्शन सुरू झालं, तर परीक्षा सोळाव्या आठवड्याच्या रविवारी येत होती.

आधी पाठीच्या कण्याचा एमआरआय झाला, कारण रक्त बनवण्याच्या धडपडीत मगज कधीकधी हाडाबाहेरही गाठी करतो आणि तशा गाठी कण्याशी असतील तर हे औषध देता येत नाही. नव्हत्या. हृदयाची इको झाली. रक्तात गुठळी होण्याचा धोका मॅडमनी नीट समजावला. प्लीहा वाढलेली होती पण काढलेली नव्हती, ही गोष्ट बहिणीच्या बाजूची होती. औषध कंपनीच्या मदत योजनेतून मिळालं. एक छापील पत्रकही मिळालं, त्यात एका ओळीत लिहिलं होतं: लोहयुक्त औषधे घेऊ नयेत. आईनं ती ओळ दोनदा वाचली.

त्या दिवसापासून बहिणीची गोळ्यांची डबी आईनं आपल्या ताब्यात घेतली. सात कप्प्यांची, आठवड्याची डबी. "तू ऑफिसात विसरतंस. माका दी," ती म्हणाली. दर रविवारी जेवणानंतर ती चष्मा लावून बसायची, पाकिटं समोर पसरायची आणि कप्पे भरायची. रोज सकाळी बहीण कप्पा तळहातावर उपडा करायची, न बघता तोंडात टाकायची आणि वरून पाणी प्यायची. डबी भरण्यात आईचा हात कुणी धरला नसता. तिनं हेच काम तीस वर्षं केलं होतं.

*

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन होतं. इंजेक्शनच्या खोलीतल्या सिस्टर केरळच्या, मराठी लालबागची. रक्तदाब घेत त्या म्हणाल्या, "एकशेदहा-सत्तर. एकदम टॉप. हे औषधानं बीपी वर जातं कधी, म्हणून दरवेळी बघणार मी." मग दंडावर दोन ठिकाणी टोचलं. पाच मिनिटांचं काम. बहीण खाली येऊन म्हणाली, "दादा, एवढंच?" दुसऱ्या दिवशी मांड्यांची हाडं दुखली. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्या दुखण्याचाही घरात आनंद झाला. आत काहीतरी चाललंय, असा आम्ही त्याचा अर्थ लावला.

दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनच्या आधी रक्त घ्यायचे आणि दुपारी दोनच्या सुमारास रिपोर्ट फोनवर यायचा. निवडणुकीच्या मोजणीला मी इतक्या वेळा घड्याळ बघितलं नसेल. बातमीच्या टेबलावर आकडे येत राहतात, त्यात कुणाचं तरी काहीतरी असतं हे माहीत असतं, पण पान लावून मोकळं होता येतं. इथं आकडा माझ्याच घरचा होता.

तिसऱ्या आठवड्यात सात पूर्णांक पाच. मी बहिणीला फोन केला. ती पुस्तकांच्या कपाटांमधून कुजबुजत म्हणाली, "तीन पॉइंट. तीन पॉइंट वाढले रे." मास्तरांना तिनं स्वतः कळवलं. ते म्हणाले, "लोण चढवलास की काय बाय?" सहाव्या आठवड्यात सात पूर्णांक सहा. एकानं वाढलं नव्हतं, म्हणून मात्रा वाढवली. आमचा उत्साह कमी झाला नाही. चढती कमान होती.

त्या तीन आठवड्यांत बहीण संध्याकाळी मंडळाच्या मॅटशेजारी पळून बघायची. मी घड्याळ धरायचो. सात मिनिटं, आठ मिनिटं. "दहा झाली की मला सांग," म्हणायची. एकदा साडेनऊला थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मास्तर लांबूनच म्हणाले, "आज पुरे. घरी जा नि झोप." ती म्हणाली, "मास्तर, परीक्षेत पण असंच सांगणार काय?" "परीक्षेत मी नसणार हां. तिथे बोंबल." ती हसली, पण त्या आठवड्यात पुन्हा साडेनऊच्या पुढं गेली नाही. उलट सात, मग सहा. मला वाटलं, कामाचा थकवा असेल.

नवव्या आठवड्यात सात पूर्णांक चार.

मी आकडा दोनदा वाचला, मग वहीत लिहिला. सात दोन, सात पाच, सात सहा, सात चार. नऊ आठवड्यांची कमाई दोन पॉइंट. बहीण त्या दिवशी माझ्याबरोबर हॉस्पिटलातच होती. मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती सरळ बसली होती आणि समोरच्या भिंतीवरचं रक्तदानाचं पोस्टर वाचत होती.

"मला लागू पडत नाहीय ते," ती म्हणाली. "काही लोकांना नाही पडत, मॅडम बोलल्याच होत्या."

"अजून दोन आहेत."

"दादा, तू बातमी लिहिताना असं लिहितोस का? 'अजून दोन आहेत' म्हणून?"

मी वही मिटली.

*

मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला आणि हिमोग्लोबिनच्या ओळीवर त्या थांबल्याच नाहीत. त्यांची नजर तीन ओळी खाली गेली. "आधीचे रिपोर्ट आणलेत? तिन्ही?"

मी फाइल पुढं केली. वहीत मी फक्त हिमोग्लोबिन उतरवत होतो, बाकीच्या ओळी मला सारख्याच वाटायच्या. ठळक मथळा वाचून पान उलटण्याची ही माझी जुनीच खोड.

मॅडमनी चारही कागद शेजारी शेजारी लावले. "लाल पेशीचा आकार बघा. सुरुवातीला सदुसष्ट. मग सत्तर. चौऱ्याहत्तर. आज ब्याऐंशी. थॅलेसेमियात पेशी लहान असतात. या औषधानं थोडा वाढतो आकार, पण इतका नाही." त्यांनी लॅबला फोन लावला, स्लाइड बघायला सांगितली आणि आम्हाला बसवून ठेवलं. वीस मिनिटांनी फोन आला. ऐकता ऐकता त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते दोनदा अधोरेखित केलं.

"पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला जास्तच पाकळ्या दिसताहेत," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "फोलिक किंवा बी-बारा कमी पडलं की असं होतं." मग बहिणीला विचारलं, "फोलिक ॲसिड घेता ना?"

"हो. सगळं चालू आहे."

"कुठली गोळी?"

"ती छोटी, पिवळी."

"शेवटची पिवळी गोळी कधी बघितलीत?"

"बघितली... डबी आई भरते."

तिनं आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आई, माझी फोलिकची गोळी डबीत आहे ना?"

"फोलिक? ती मी केव्हाच काढलंय गो. इंजेक्शन चालू झाला तेव्हाच."

"का?"

"का म्हणजे? कागदार लिवलेला हा मा, लोहाचा काय घेऊचा नाय. फोलिक म्हणजे लोहच ता."

बहिणीनं फोन मॅडमच्या पुढ्यात सरकवला. पलीकडे आईला काहीतरी जाणवलं असावं. तिचा आवाज बदलला. "काय झाला? मॅडम आसत थंय?"

"आई, मी बोलतेय," मॅडम म्हणाल्या. "ज्या लाल गोळ्या तुम्ही वाटत होतात, त्यांत दोन औषधं एकत्र असतात. लोह आणि फोलिक. हिची पिवळी गोळी नुसती फोलिकची. त्यात लोह नाही."

"एकच गोळी ती," आई हळू म्हणाली. "आमी आयर्न-फोलिक म्हणूनच वाटलंव. एकाच पाकिटातून."

"म्हणूनच तर. तुमच्या हातून ती दोन्ही कधी वेगळी झालीच नाहीत."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. नवी पेशी बनवायला फोलिक लागतं. हिच्या मगजात एरवीही इतक्या पेशी बनतात की ते भराभर संपतं, म्हणून ही गोळी कायमची. आता इंजेक्शननं शेवटच्या टप्प्याचा दरवाजा उघडला, आणि नेमका त्याच वेळी आत कच्चा माल तुटला. औषध लागू पडतंय की नाही, हे आपण अजून बघितलेलंच नाही. "आणि माझी चूक अशी," त्या म्हणाल्या, "की दरवेळी मी 'सगळं चालू ना' असं विचारत आले. नाव घेऊन विचारायला हवं होतं."

बहिणीचा चेहरा मी बघत होतो. त्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मी अजून बाद नाही?"

"नाही. आत्ता रक्त देऊन जा, फोलिक आणि बी-बारा दोन्ही तपासू. मग आजपासूनच गोळी सुरू. आणि चौथं इंजेक्शनही आज."

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. फोलिक कमी, बी-बारा ठीक.

मी त्या संध्याकाळी काळाचौकीला, आई आणि बहीण राहतात त्या नव्या इमारतीत गेलो. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "आधी लोह घालून घालून तिचा लिव्हर भरलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नि आता ह्या. माका पेन्शन कशाक देतत?"

बहीण आतून आली, डबी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "रविवार आहे. भर."

"तूच भर."

"मी भरणार नाही. तू भर आणि प्रत्येक गोळीचं नाव मोठ्यानं सांग. मी ऐकते."

आईनं चष्मा शोधला. मग शाळेत हजेरी घ्यावी तशी ती एकेक नाव उच्चारत गेली. पिवळी गोळी आली तेव्हा म्हणाली, "फोलिक. ह्याच्यात लोह नाय," आणि सातही कप्प्यांत एकेक टाकली.

*

बाराव्या आठवड्यात मी दोन वाजता ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, कारण टेबलापाशी बसवत नव्हतं. आठ पूर्णांक पाच. आकार अठ्ठ्याहत्तर. यावेळी मी सगळ्या ओळी वाचल्या, खालून वर. मग फोन लावला. ग्रंथालयात बोलायचं नाही हा नियम बहिणीनं त्या दिवशी मोडला. तिनं आकडा इतक्या मोठ्यानं परत उच्चारला की पलीकडे कुणीतरी "काय झालं मॅडम?" असं विचारल्याचं मला ऐकू आलं.

पाचवं इंजेक्शन झालं. रक्तदाब जरा वर आला होता, एकशेचोवीस-ऐंशी. सिस्टर म्हणाल्या, "चालतंय. पण जेवणात मीठ कमी घे. आणि परीक्षेला मला फोटो पाठव." बहीण आता सकाळी पळायला लागली. दहा मिनिटं झाली, मग तेरा. एक दिवस इमारतीची लिफ्ट बंद होती आणि ती पाचव्या मजल्यापर्यंत चढून आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मध्ये कुठंच थांबलो नाही. ती पुन्हा खाली गेली आणि पुन्हा चढून आली. आई दारात उभी होती. "वेड लागला काय गो तुका?" तिनं विचारलं. बहीण म्हणाली, "लागलं."

पंधराव्या आठवड्यात नऊ पूर्णांक तीन.

मॅडमनी नाडी तपासली, छातीला नळी लावली, दम कुठं लागतो ते खोदून विचारलं आणि इको पुन्हा एकदा बघून सामन्याला परवानगी दिली. "नऊ तीन म्हणजे चौदा नव्हे, लक्षात ठेवा. चक्कर आली, छातीत धडधडलं तर थांबायचं. लोहाची गोळी, म्हणजे लोह काढायची गोळी, चालूच. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून यकृत रिकामं होत नाही. पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी. आणि इंजेक्शन थांबवलं तर हा आकडा परत खाली येईल, हेही सांगून ठेवते."

"म्हणजे हे कायम?"

"चालतंय तोवर."

बहिणीनं मान डोलावली. तिला त्या घटकेला कायमचं काही नको होतं. तिला पस्तीस मिनिटं हवी होती.

*

बायकांचा सामना पंधरा-पाच-पंधरा मिनिटांचा असतो. परीक्षा लालबागमधल्या एका पत्र्याच्या शेडखाली, सकाळी नऊला. टेबलामागे तीन परीक्षक, त्यांतल्या मधल्या बाई माजी खेळाडू. मास्तर प्रेक्षकांत, कारण आपल्या माणसाच्या परीक्षेत बसायचं नाही हा नियम. आई माझ्याशेजारी. दोन्ही संघ कॉलेजच्या मुलींचे, चपळ आणि भांडखोर.

बहिणीनं काळी पँट आणि पांढरा टी-शर्ट घातला होता. शिट्टी झाली. मी घड्याळ लावलं होतं, पण तिसऱ्या मिनिटानंतर त्याच्याकडे बघायचं विसरलो. ती रेषेवर पुढं-मागं अशी सरकत होती की जणू चढाई करणाऱ्या मुलीच्या पायाला दोरी बांधलीय. बोनस, हात वर. पकड, हात वर. सहावं मिनिट आलं आणि गेलं. आईनं माझा दंड धरला होता तो सोडला, तेव्हा मला कळलं की तीही मोजत होती.

पहिल्या डावाच्या अखेरीस एक चढाई करणारी मुलगी वळताना राखीव क्षेत्रात, म्हणजे बाजूच्या पट्ट्यात गेली. झटापट झाल्याशिवाय तिथं पाय टाकायचा नसतो, आणि तिला कुणी शिवलं नव्हतं. बहिणीनं तिला तिथल्या तिथं बाद दिलं. मुलगी तिच्या अंगावरच आली.

"ताई, झटापट झाली होती. हिनं हात लावला मला."

"नंतर लावला. आधी तुझा पाय गेला."

"तुम्ही बघितलं का पण?"

"मी तुझ्यापासून चार फुटांवर होते," बहीण म्हणाली. "तू कुठं होतीस ते तुला माहीत नाही. बाहेर बस."

टेबलामागच्या मधल्या बाईंनी काहीतरी लिहिलं. मास्तर पुटपुटले, "चार फुटांवर होती. बरोबर होती ना तिथं," आणि रुमालानं मान पुसली.

मध्यंतरात ती बसली नाही. पाणी प्यायली, बोटानं स्वतःची नाडी मोजली आणि आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. ओठांना रंग होता. दुसऱ्या डावात दहाव्या मिनिटाला तिचा वेग थोडा उतरला, तोंडानं श्वास घ्यायला लागली. पण रेषेवरून ती हलली नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन्ही संघांच्या मुलींनी एकमेकींशी हात मिळवले आणि मग ती राखीव क्षेत्रात गेलेली मुलगी येऊन बहिणीशीही हात मिळवून गेली.

परीक्षकांनी निकाल तिथं सांगायचा नसतो. बहीण टेबलाशी जाऊन उभी राहिली. मधल्या बाई कागद आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "पुढच्या सामन्याचा एक पंच अजून आलेला नाही. परीक्षेचं नाही हे, आमचीच अडचण आहे. तुम्हाला जमेल का? दमला असाल तर सांगा."

आई उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"दमलेय," बहीण म्हणाली. "दहा मिनिटं द्या. मग येते."